चौतीस तक्रारी आणि एक पंचनामा

पौषात चकलांब्यात बैठक घ्यायची म्हणजे निम्म्या बायका गृहीतच धरायच्या नसतात. गेवराई तालुक्याच्या या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपी ठोकायची. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांना यंदा जाता आलं नाही अशा बाया. पण आता तोडीवर गेलेली बाई आणि मागे राहिलेली बाई यांच्यामध्ये फोन आहे. म्हणूनच तोडीवर घडलेली गोष्ट त्या दिवशी बैठकीच्या आधीच गावात पोचली होती.

एका टोळीतल्या बाईला मारहाण होतानाचा व्हिडिओ होता तो. यूट्यूबवरच्या एका चॅनेलवर कुणीतरी चढवलेला. बाई आपल्या ओळखीची. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी इथे बदलले आहेत, पण घडलं ते असंच.) बैठकीत एकच कालवा झाला. एक मावशी म्हणाल्या, "ताई, हे बंद कसं करायचं ते आधी सांगा, बाकीचं राहू द्या." मी सांगितलं, सगळ्यांनी मिळून रिपोर्ट करू या. मग काय, आम्ही लिंक तीन बचत गटांच्या ग्रुपवर टाकली, शेजारच्या दोन गावांतल्या कार्यकर्त्यांना पाठवली आणि रात्रीपर्यंत चौतीस जणींनी बटण दाबल्याचं कळवलं. मी मोजले होते, चौतीस. समाधानाने झोपले.

चार दिवस व्हिडिओ जागचा हलला नाही. उलट बघणाऱ्यांचा आकडा वाढला. वाढणारच होता, कारण रिपोर्ट करण्यासाठी का होईना, प्रत्येकीने तो उघडला होता, आणि आमच्या "सर्वांनी रिपोर्ट करा" या निरोपामुळेच तो अशा फोनवर गेला होता जिथे तो एरवी कधी पोचला नसता. एका गावात तर तिच्या माहेरच्या माणसांना तो आमच्या निरोपामुळे कळला. ही चूक माझी. समाजकार्याची पदवी घेतलेल्या, दहा-बारा वर्षं काम केलेल्या बाईची. म्हणूनच हा लेख.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीची सवय संख्येची आहे. दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान, तहसीलदाराला निवेदन द्यायचं तर पाचशे सह्या, पोलीस ऐकत नसतील तर शंभर बायका ठाण्यापुढे. ही सवय अनुभवातून आली आहे आणि ती चुकीची नाही. पण ती इथे लागू पडत नाही. यूट्यूबने आपल्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की व्हिडिओला किती जणांनी रिपोर्ट केलं यावर तो काढायचा की ठेवायचा हे ठरत नाही. रिपोर्ट आला की तो व्हिडिओ तपासणीच्या रांगेत जातो आणि तपासणारा तो नियमांच्या पुस्तकाशी ताडून बघतो. नियम मोडला असेल तर एका रिपोर्टनेही जातो, नसेल मोडला तर हजारांनीही जात नाही. विचार केला तर हे आपल्याच फायद्याचं आहे. संख्येवर व्हिडिओ निघाले असते तर आपल्या कार्यकर्त्यांची भाषणं कधीच गायब झाली असती, कारण जमाव जमवणं आपल्यापेक्षा गावगुंडांना सोपं जातं.

तेव्हा प्रश्न असा की तपासणाऱ्याच्या पुढ्यात आपण काय ठेवतो? आपल्या चौतीस जणींनी काय ठेवलं होतं ते मी नंतर एकेकीला विचारून बघितलं. काहींनी Spam or misleading निवडलं होतं, कारण यादीत ते समोर दिसलं. एकीने खोट्या माहितीचं कारण निवडलं. तिचं म्हणणं, "तिनं उचल बुडवलीच नाही, मग खोटंच की ते." तर्क बरोबर आहे, पण तो कोर्टातला तर्क आहे. काहींनी लैंगिक मजकुराचं कारण निवडलं, कारण पदर ओढलेला दिसतो. आणि तपशिलाच्या चौकटीत ज्यांनी लिहिलं त्यांनी लिहिलं, "या नालायकांना फाशी द्या." राग खरा. पण आता तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा. व्हिडिओ नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचा. पहिली सहा मिनिटं नुसता ऊस, ट्रकमध्ये मोळ्या चढवणारी माणसं आणि वर गाणं. रिपोर्ट म्हणतो हा स्पॅम आहे. तो माणूस सुरुवात बघतो, मध्ये कुठेतरी बघतो, स्पॅम काही दिसत नाही. त्याला मराठी येत असेलच असं नाही, आणि येत असली तरी बीडकडची बोली, तीही टोळीवरची, कळेल याची खात्री नाही.

आपण पंचनामा करतो तेव्हा काय करतो? "फार वाईट घडलं" असं लिहीत नाही. कुठे, किती वाजता, कोण कुठे उभं होतं, काय सापडलं, हे लिहितो. या चौकटीत लिहायचं तेही तसंच. पाचव्या दिवशी मी आणि गावातली एक नर्स, अशा दोघी बसलो. व्हिडिओ आवाज बंद करून एकदा आणि आवाजासह एकदा बघितला. फक्त दोघींनी. वहीत वेळा लिहिल्या. मग रिपोर्ट केला.

बटण कुठे असतं ते सांगते, कारण पुष्कळ जणी तिथेच अडतात. आधी आपल्या खात्याने यूट्यूबमध्ये आत शिरलेलं असावं लागतं, त्याशिवाय व्हिडिओ रिपोर्ट करता येत नाही. फोनवर चालू व्हिडिओला बोट लावलं की वर दातेरी चाकाचं चिन्ह येतं. त्यात Report असतं. छोटा उभा शॉर्ट असेल तर तीन टिंबांत. संगणकावर व्हिडिओच्या खाली तीन टिंबं दिसतात, त्यात. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर हे शब्द मराठीत दिसतील. बटणांच्या जागा अधूनमधून बदलतात, पण क्रम तोच राहतो: कारण निवडा, मग वेळ आणि तपशील लिहा, मग पाठवा. घाईत पाठवणाऱ्या बहुतेक जणी वेळ आणि तपशिलाची पायरी ओलांडून जातात, कारण ते लिहिणं ऐच्छिक आहे. पण तपासणाऱ्याला खरी मदत तिथेच होते.

कारण निवडणं म्हणजे अर्ज योग्य टेबलावर टाकणं. आमच्या व्हिडिओत दोन गोष्टी होत्या. मारहाण होती, आणि एका साध्या बाईचं नाव, गाव व मोबाईल नंबर उघड वाचून तिची बेइज्जती केलेली होती. मारहाणीसाठी Violent or repulsive content हे कारण आहे, बेइज्जतीसाठी Harassment or bullying. जातीवरून द्वेष पसरवला असता तर Hateful or abusive content घेतलं असतं. आम्ही दुसरं घेतलं. रक्त किंवा मोठी जखम दिसत नव्हती, मारहाण चाळीसेक सेकंदांची होती, पण सगळा व्हिडिओ रचलाच होता तिला गावात तोंड दाखवायला जागा राहू नये म्हणून. शिवाय कुणाचा खाजगी फोन नंबर उघड करणं हे छळाच्या नियमात सरळ बसतं, त्यात तपासणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही. ज्या कारणाचा पुरावा पडद्यावर सगळ्यांत स्पष्ट दिसतो ते कारण घ्यावं, मग ते आपल्या मनाला सगळ्यांत जास्त लागलेलं नसलं तरी चालेल. दुसरं कारण तपशिलात एका वाक्यात सांगता येतं.

तपशिलात आम्ही जे लिहिलं ते जवळपास जसंच्या तसं देते:

"६:१२ ते ६:५५: एक पुरुष एका बाईला तीन वेळा थोबाडीत मारतो, पदर ओढतो. ती 'शूटिंग बंद करा' असं दोनदा म्हणते (६:३१, ६:४८). ७:३५: चित्रीकरण करणारा तिचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाईल नंबर मोठ्याने वाचतो. तोच नंबर ७:४० ते ८:०५ पडद्यावर लिहिलेला आहे. 'उचल बुडवी' म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम बुडवणारी, हा तिच्यावरचा आरोप आहे. शीर्षकात व पहिल्या चित्रात तिचा चेहरा आणि हाच शब्द आहे. ती सार्वजनिक व्यक्ती नाही, ऊसतोड मजूर आहे. ही बातमी नाही: निवेदन नाही, दोन्ही बाजू नाहीत, मारहाणीवर गाणं लावलेलं आहे. नंबर उघड झाल्यावर तिला अनोळखी फोन येत आहेत."

खाली हाच मजकूर दोन ओळींत सोप्या इंग्रजीत लिहिला, नर्सबाईंनी. बोलीतला शब्द सोडवून सांगणं फार गरजेचं आहे. "उचल बुडवी" परक्या माणसाला काहीच सांगत नाही. आपल्याकडच्या कितीतरी शिव्या अशा आहेत की वरून साधा शब्द वाटतो आणि आत जात किंवा चारित्र्य असतं. भाषांतराचं यंत्र त्यातून सोज्वळ वाक्य काढतं. तो शब्द कितव्या सेकंदाला येतो आणि आपल्या भागात त्याचा अर्थ काय होतो, एवढं लिहिलं की पुरे.

"ही बातमी नाही" हे वाक्य का लिहिलं, त्याला आपल्या जिल्ह्यातलाच संदर्भ आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. मार्च २०२५ च्या सुरुवातीला दोषारोपपत्रातली छळाची छायाचित्रं बाहेर आली आणि एका रात्रीत घराघरांतल्या फोनवर गेली. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला. ती चित्रं लोकांपुढे आली म्हणून काहीतरी हललं, हे नाकारता येत नाही. पण तीच चित्रं गाणी लावून, बदल्याच्या गोष्टी रचूनही फिरली, आणि आमच्या इथली सातवी-आठवीची मुलंसुद्धा ती बघत होती. चित्र एकच, पण वापर वेगळा. यूट्यूबचे नियम हा फरक मानतात. बातमी, शिक्षण, माहितीपट, कला अशा संदर्भात दाखवलेलं भीषण दृश्य राहू शकतं, कधी वयाची अट घालून. संदर्भ आहे की नाही हे शीर्षक, वर्णन, निवेदन यांवरून ठरतं. म्हणून रिपोर्ट करताना दृश्य किती भयंकर आहे हे सांगून भागत नाही, संदर्भ कसा नाही हे दाखवावं लागतं. आणि हे लक्षात ठेवून काही व्हिडिओ आपण रिपोर्ट न करणंही शिकलं पाहिजे. अत्याचाराचा पुरावा जगापुढे मांडणाऱ्या वार्ताहराचा व्हिडिओ आपल्याला बघवत नाही म्हणून काढायला लावणं, हे कुणाच्या सोयीचं होतं याचा विचार करावा.

आता पाठवल्यानंतरचं. पाठवलं की आभाराचा एक मजकूर येतो आणि मग बऱ्याचदा शांतता. ही शांतता बायकांना फार खटकते. "ताई, कुणी वाचलं तरी का?" हा प्रश्न मला किमान दहा जणींनी विचारला. संगणकावर आपल्या खात्यातून youtube.com/reporthistory हे पान उघडलं की आपण रिपोर्ट केलेल्या व्हिडिओंची यादी दिसते आणि प्रत्येकापुढे त्याची स्थिती. Removed म्हणजे काढला. Restricted म्हणजे राहिला, पण बंधन घालून, बहुधा १८ वर्षांखालच्यांना आणि खात्याशिवाय बघणाऱ्यांना बंद. आणि Live. या शब्दाने आम्ही फसलो होतो. Live म्हणजे तपासून निर्दोष ठरवला असं वाटतं, पण त्याचा अर्थ दोन्ही होतो: एकतर अजून तपासलाच नाही, किंवा तपासला आणि नियम मोडलेला आढळला नाही. पान हा फरक सांगत नाही. त्यामुळे दोन दिवसांनी Live दिसलं म्हणून हरलो असं समजू नये, आणि दोन आठवड्यांनीही तेच दिसलं तर वाट बघत बसू नये.

व्हिडिओ चढवणाऱ्याला रिपोर्ट कुणी केला हे कळत नाही. हे मी बैठकीत तीनदा सांगितलं, कारण मुकादमाच्या माणसांची भीती खरी आहे. व्हिडिओ काढला गेला तर त्याला नियम कुठला मोडला एवढं कळवलं जातं. पहिल्या वेळी बहुधा ताकीद. नंतर पुन्हा मोडला तर एक स्ट्राइक, म्हणजे आठवडाभर नवीन काही चढवता येत नाही. नव्वद दिवसांत दुसरी आली तर दोन आठवडे, तिसरी आली तर चॅनेलच जातं. तो अपीलही करू शकतो, आणि अपिलात व्हिडिओ परत आल्याची उदाहरणं असतात. म्हणून एकदा Removed दिसलं तरी महिनाभराने पुन्हा बघावं.

इथे एक सावधगिरी. प्रेक्षकाचा रिपोर्ट वेगळा आणि गोपनीयतेची तक्रार वेगळी. गोपनीयतेची तक्रार साधारणपणे जिचं चित्र आहे तिनेच करायची असते. पण त्या वाटेत व्हिडिओ चढवणाऱ्याला स्वतःहून बदल करायला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली जाऊ शकते. तक्रार करणारीचं नाव सांगत नसतील, पण ज्या व्हिडिओत एकच बाई आहे तिथे नाव सांगायची गरज काय? जिची कोपी अजून त्याच माणसांच्या शेजारी आहे, तिच्यासाठी ही मुदत म्हणजे दोन रात्रींचा धोका. म्हणून आम्ही आधी प्रेक्षक म्हणून रिपोर्ट केला आणि ती वाट तिच्यासाठी राखून ठेवली.

रिपोर्टने भागलं नाही तर भारतात आणखी एक दार आहे. मोठ्या समाजमाध्यमांना इथे तक्रार निवारण अधिकारी नेमणं २०२१ च्या नियमांनी सक्तीचं केलं. तक्रारीची पोच चोवीस तासांत आली पाहिजे. निकालाची मुदत आधी पंधरा दिवस होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती सात दिवसांवर आली. नग्न किंवा लैंगिक कृत्याचं चित्र असेल तर मुदत फार कमी: आधी चोवीस तास होती, त्याच दुरुस्तीने दोन तास झाली, आणि ही तक्रार तिच्या वतीने दुसरी कुणीही करू शकते. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर जाता येतं. ही दारं आहेत हे खरं, पण प्रत्येक दारावर तोच पंचनामा मागतात. वहीतल्या वेळा इथेही कामाला येतात.

व्हिडिओतली मुलगी अठरा वर्षांखालची असेल आणि दृश्य लैंगिक असेल तर मात्र वही, वेळा, दोनदा बघणं हे काहीही करू नका. असं चित्र फोनमध्ये ठेवणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली आणि पोक्सोखाली गुन्हा आहे, "पुराव्यासाठी ठेवलं" असं म्हटलं तरी. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. फक्त लिंक घ्या, Child abuse हे कारण निवडून रिपोर्ट करा आणि cybercrime.gov.in वर स्त्रिया व मुलांसाठीच्या भागात कळवा. तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. ही सोय आपोआप आलेली नाही. २०१५ साली हैदराबादच्या प्रज्वला संस्थेच्या सुनीता कृष्णन यांनी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बलात्काराच्या चित्रफितींबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली, आणि त्या प्रकरणाच्या ओघात २०१८ मध्ये हे पोर्टल सुरू झालं. ते पत्रही एका प्रेक्षक बाईचंच होतं, तिचा त्या चित्रफितींशी व्यक्तिगत संबंध काही नव्हता.

आमच्या व्हिडिओचं काय झालं? पाचव्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट केला, आठव्या दिवशी सकाळी Removed दिसलं. आमच्या त्या ओळींनीच तो गेला असं मी छातीठोक सांगणार नाही. आधीच्या चौतिसांपैकी एखादा तेव्हा तपासाला निघाला असेल. पण त्यानंतर दोनच दिवसांत त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा दुसऱ्या चॅनेलवर शॉर्ट म्हणून आला, आणि तेव्हा आम्ही लिंक कुणालाही न पाठवता तेवढ्याच पद्धतीने एकच रिपोर्ट केला. तोही गेला. व्हॉट्सॲपवर जे फिरत होतं ते फिरतच राहिलं. काढला तो फक्त त्या पत्त्यावरचा व्हिडिओ, लोकांच्या फोनमधला नव्हे. हे बायकांना आधीच सांगावं, नाहीतर "गेला" या शब्दावर त्या विसंबतात.

आणखी एक गोष्ट मी या प्रकरणात उशिरा केली, ती तुम्ही आधी करा. व्हिडिओ काढला की पुरावाही डोळ्यांआड होतो. रिपोर्ट करण्याआधी लिंक, चॅनेलचं नाव, तारीख, वेळ, बघणाऱ्यांचा आकडा हे कागदावर उतरवावं आणि, चित्र लैंगिक नसेल तर, पडद्याचा फोटो काढून ठेवावा. काढून टाकलेला मजकूर आणि त्याची नोंद कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायची असते, पण ती पोलिसांनी मागावी लागते, आणि मागण्यासाठी नेमकी लिंक लागते. "यूट्यूबवर होता साहेब" यावर ठाण्यात काही होत नाही. मी लिंक वहीत लिहिली होती म्हणून वाचलो, तारीख मात्र नंतर अंदाजाने लावावी लागली.

आणि तिला विचारलं का? सगळ्यांत आधी करायची गोष्ट मी सगळ्यांत शेवटी केली, सहाव्या दिवशी. फोन तिच्या नवऱ्याकडे असायचा, ती पाण्याला गेली तेव्हा तिने शेजारणीच्या फोनवरून लावला. व्हिडिओ काढायला ती लगेच हो म्हणाली. पोलिसात जाण्याबद्दल म्हणाली, "ताई, उचल फिटू द्या. हितं असताना केस केली तर पोरांस्नी घेऊन कुठं जाऊ?" मी तिला कायदा सांगितला, मारहाणीचा, विनयभंगाचा, बदनामीचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींचं मत होतं की आपण तिच्या वतीने तक्रार द्यायला हवी होती. माझं मत तसं नाही. व्हिडिओ काढणं आणि गुन्हा नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीचा भार आपण उचलू शकतो, दुसरीचा भार तिच्या कोपीवर पडतो. पण १८० दिवस मोजत राहणं मात्र आपलं काम आहे, तिचं नाही.

हंगाम संपून टोळी परतली तेव्हा ती चकलांब्याला बैठकीला आली. मी तिच्या हातात कागद दिला: दोन्ही लिंका, तारखा, वेळा, आणि खाली लिहिलेला दिवस, ज्याच्या आत पोलिसांनी पत्र पाठवलं पाहिजे. तिला वाचता येत नाही, म्हणून नर्सबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. तिने तो दिवस पुन्हा एकदा विचारून घेतला आणि म्हणाली, नवऱ्याशी बोलून आठ दिवसांत सांगते. आठव्या दिवशी ती आली. आम्ही दोघी ठाण्यात गेलो.